फिरकीवरचा स्वीप: मराठवाड्यातल्या नेट्समधून येणारे नेहमीचे प्रश्न

परभणी, लातूर, बीड, नांदेडकडच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून स्वीपबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. त्यातले नेहमीचे निवडून इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. उत्तरं उजव्या हाताच्या फलंदाजाला धरून लिहिली आहेत, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटून वाचावं. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला तर दुसरीकडे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, सरळ बॅटनं खेळा म्हणता आणि मग आडव्या बॅटचा स्वीपही शिकवता. नेमकं काय करायचं?

दोन्ही बरोबर आहे, फक्त दोन्ही बॅटींचं काम वेगळं आहे. बॅट उभी धरली की चेंडू वर उसळला किंवा खाली बसला तरी पात्याची पूर्ण उंची मदतीला असते, पण बाजूला वळला तर हाताशी फक्त पात्याची रुंदी उरते. नियमानं ती १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. बॅट आडवी केली की हे उलटं होतं. आता पात्याची लांबी, साधारण अर्धा मीटर किंवा थोडी जास्त, वळणाच्या दिशेनं पसरलेली असते. चेंडू चार बोटं आत आला काय आणि बाहेर गेला काय, तो पात्यावर कुठेतरी लागतोच. पण उंचीच्या बाबतीत मात्र आता तुमच्याकडे तेच १०.८ सेंटिमीटर उरतात.

म्हणजे स्वीप वळणाचा बंदोबस्त करतो, उसळीचा करत नाही. या पानावरची बाकीची जवळजवळ सगळी उत्तरं या एका वाक्यातून निघतात. कोणता टप्पा निवडायचा, बॅट वरून का आणायची, कोणत्या खेळपट्टीवर स्वीप बंद ठेवायचा, या सगळ्यांच्या मुळाशी उसळीचाच प्रश्न आहे.

२. स्वीपसाठी बॉलचा टप्पा कुठं पडायला पाहिजे? ‘फुल’ म्हणजे किती फुल?

‘फुल’ या शब्दानं काही कळत नाही, कारण ते प्रत्येकाच्या उंचीवर आणि पावलावर अवलंबून असतं. म्हणून मी मुलांना चुन्याच्या दोन रेघा मारायला लावतो. हे एकदा करून पाहाच.

अकरावीतल्या एका मुलाचं माप सांगतो. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. त्यानं पुढच्या क्रीझवर गार्ड घेतला, पाऊल लांब टाकलं, मागचा गुडघा टेकवला आणि बॅट आडवी पुढे आणली. त्याच्या पुढच्या बुटाचं टोक क्रीझपासून ८५ सेंटिमीटरवर पडलं. त्याच्यापुढे साधारण अर्ध्या मीटरवर पात्याचा मधला भाग आला. म्हणजे त्याची बॅट आणि चेंडू भेटण्याची जागा क्रीझपासून सुमारे १.३५ मीटरवर. तिथे पहिली रेघ. तिच्यापुढे, गोलंदाजाच्या दिशेनं, आणखी एक मीटरवर दुसरी रेघ. चेंडूचा टप्पा या दोन रेघांमध्ये पडला तर तो त्याचा स्वीपचा चेंडू.

एकच मीटर का? हिशोब अंदाजी आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. समजा टप्प्यानंतर चेंडू दर मीटरला वीसेक सेंटिमीटर वर चढतोय. टप्पा पडून मीटरभरात बॅट लावली तर चेंडू २० सेंटिमीटर उंचीवर असतो. खेळपट्टी थोडी लहरी असली आणि उसळीत एक तृतीयांश फरक पडला, तर चेंडू ७ सेंटिमीटर वर किंवा खाली येईल. चेंडूचीच जाडी सातेक सेंटिमीटर असते, त्यामुळे मधोमध नाही तरी बॅटवर लागेल. तोच टप्पा दोन मीटरवर पडला असेल तर चेंडू ४० सेंटिमीटर उंचीवर आणि फरक १३ सेंटिमीटरचा. अर्धी बॅट साडेपाच सेंटिमीटरची. म्हणजे जास्त उसळला की वरची कड, बसला की बॅटखालून थेट पॅडवर. मारण्यात काहीही चूक नसताना फक्त टप्पा चुकीचा निवडल्यामुळे बाद व्हायचं ते असं.

आता पहिल्या रेघेच्याही आत, म्हणजे जवळजवळ पायाशी पडणाऱ्या चेंडूचं. तो स्वीप करता येतो, पण तिथे बॅटला फार खाली जावं लागतं आणि चुकलं की चेंडू सरळ पॅडच्या बुडाशी. स्टंपांच्या रेषेत असेल तर सरळ बॅटनं ड्राइव्ह केलेला बरा. लेग स्टंपच्या बाहेर असेल तर हलकेच फाइन लेगकडे वळवा.

तुमची माप घेतलेली रेघ मित्राला लागू होणार नाही. आणि तुमचीच दर सहा महिन्यांनी बदलेल, वाढतं वय आहे.

३. रेघा नेटमध्ये ठीक आहेत. मॅचमध्ये चेंडू हवेत असताना टप्पा कसा ओळखायचा?

चेंडू टप्प्यावर पडल्यावर ठरवायला गेलात तर उशीर झाला. ऐंशीच्या वेगानं आलेल्या चेंडूला मीटरभर जायला सेकंदाचा वीसावा भागही धड लागत नाही. त्यामुळे निर्णय हवेतल्या पहिल्या निम्म्या प्रवासातच घ्यावा लागतो.

बघायचं ते चेंडू हातातून सुटतानाची दिशा. पुढे पडणारा चेंडू हातातून थोडा लवकर सुटतो आणि निघताना वर किंवा आडवा जातो. आखूड चेंडू उशिरा सुटतो आणि निघतानाच खाली झुकलेला असतो. हा फरक सरावानं डोळ्यात बसतो, सांगून बसत नाही. आमच्याकडे यासाठी मुलाला बॅटशिवाय उभं करतात. गोलंदाज टाकतो, मुलानं चेंडू अर्ध्यात यायच्या आत ‘पुढं’ किंवा ‘मागं’ ओरडायचं आणि चुन्याच्या रेघेपाशी उभ्या पोरानं खरं-खोटं सांगायचं. सुरुवातीला दहात सहा बरोबर येतात, आणि त्या सहांतलेही बरेचसे नशिबाचे असतात. दहात आठ-नऊ यायला लागले की मग बॅट हातात द्यायची.

फसवणारा चेंडू एकच, डोळ्यांच्या वर चढवलेला. तो पुढे येतोय असं वाटतं आणि ऐनवेळी आखूड पडतो, कारण वरच्या बाजूनं दिलेल्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. शिवाय असा चेंडू टप्प्यानंतर जास्त उसळतो. चांगला स्पिनर तुम्ही दोन स्वीप मारले की तिसरा हाच टाकतो. त्याच्यासाठी प्रश्न १२ वाचा.

४. पाय कुठं टाकायचा आणि गुडघा टेकवायचाच का?

पुढचा पाय चेंडूच्या रेषेत, लांब. पाऊल आखूड पडलं की बॅट चेंडूला उशिरा भेटते आणि मग तुम्ही दुसऱ्या रेघेवरचे चेंडू मारत बसता. पुढचा गुडघा वाकलेला आणि डोकं त्या गुडघ्याच्या वर किंवा किंचित पुढे हवं. डोकं ऑफ साइडला कलंडलं तर डोळे चेंडूच्या रेषेतून निघतात आणि तोल जातो.

मागचा गुडघा टेकवणं शोभेसाठी नाही. त्यानं खांदे खाली येतात आणि डोळे चेंडूच्या उसळीच्या जवळ येतात. अर्धवट वाकून, उभ्यानं मारलेल्या स्वीपमध्ये हात खाली लोंबतात आणि बॅट खालून वर जाते. तिथूनच पुढच्या प्रश्नातला आजार सुरू होतो.

५. मी स्वीप मारायलो की बॉल वरच उडायलाय. बॅट नेमकी कशी धरायची?

बहुतेकांना वाटतं की चेंडू उडतो तो मनगट न फिरवल्यामुळे. मनगटाचा भाग खरा आहे, पण तो शेवटचा. आधी बॅट कुठून निघते ते बघा.

हात उंच, निदान छातीपर्यंत. बॅट तिथून निघून खाली येत चेंडूवर यायला हवी, म्हणजे वरून खाली आणि बाहेरून आत. अंगणात खराटा मारतो तशी जमिनीलगत फिरवायची नाही. जमिनीलगत निघालेली बॅट चेंडूपर्यंत येताना वर चढू लागते. चेंडूही वर चढतोय, बॅटही वर चढतेय, मग तो उडणारच.

पात्याचा कोन दोन प्रकारे बघायचा. एक, हँडल आणि टोक यांचा. बॅट अगदी जमिनीला समांतर असायलाच हवी असं नाही. चेंडू खाली असेल तर टोक हँडलपेक्षा थोडं खाली राहील, ते चालतं. टोक हँडलच्या वर गेलं तर मात्र पात्याचं तोंड आकाशाकडे बघायला लागतं. दोन, पात्याचं तोंड. चेंडू लागताना ते किंचित जमिनीकडे झुकलेलं असावं. किती किंचित? आरशात बघितलं तर तुम्हाला स्वतःच्या बॅटवरचं स्टिकर जेमतेम दिसावं इतकं. फार झुकवलं तर चेंडू पायाशीच आपटतो आणि उडून शॉर्ट लेगच्या हातात जातो.

चेंडू पात्यावर लागल्या क्षणी खालच्या हाताचं मनगट वरच्या हातावरून पुढे वळतं आणि तोंड आणखी बंद होतं. हे ‘लागल्यावर’ आहे, ‘लागण्याआधी’ नाही. आधीच मनगट वळवलं तर चेंडू पात्याच्या कडेवर येतो.

दोष कुठला आहे ते स्वतःला कसं कळावं? चेंडू कुठे उडतो ते बघा. कीपरच्या डोक्यावरून किंवा शॉर्ट फाइन लेगकडे उंच गेला तर बॅट खालून आली किंवा टप्पा आखूड होता. मिडविकेटकडे हवेत गेला तर तोंड उघडं राहिलं किंवा तुम्ही चेंडूला फार पुढे, लवकर गाठलंत. जमिनीवर आपटून तिथेच उसळला तर मनगट घाईनं वळलं. फोन बाजूला, स्क्वेअर लेगच्या ठिकाणी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ठेवून चित्रण करा. समोरून केलेल्या चित्रणात बॅटचा उतार दिसतच नाही.

६. जमिनीवरून जातो, पण थेट फील्डरकडेच जातो. दिशा कशी बदलायची?

दिशा बदलण्यासाठी जोर बदलावा लागत नाही, भेटण्याची जागा बदलावी लागते. चेंडूला पॅडच्या बऱ्याच पुढे गाठलं आणि बॅट पुढून आडवी फिरली तर तो स्क्वेअर लेगच्या पुढे जातो. थोडं जवळ येऊ दिलं तर स्क्वेअरच्या मागे जातो. अजून जवळ येऊ दिला आणि बॅट फिरवण्याऐवजी फक्त त्याच्या वाटेत तिरपी धरली, तर त्याच्याच वेगानं तो फाइन लेगला सरकतो. यालाच पॅडल म्हणतात.

क्षेत्ररचना वाचायला एक नियम उपयोगी पडतो. चेंडू टाकला जाताना लेग साइडला पॉपिंग क्रीझच्या मागे कीपर सोडून दोनपेक्षा जास्त खेळाडू उभे राहू शकत नाहीत, राहिले तर नो-बॉल. म्हणजे एक लेग स्लिपला आणि एक शॉर्ट फाइन लेगला असेल, तर सीमारेषेवरचा स्क्वेअर लेग क्रीझच्या पुढेच असणार. स्क्वेअरच्या किंचित मागे मोठी जागा मोकळी आहे. समोरच्या कर्णधारानं सीमारेषेवरच्या माणसाला मागे सरकवला तर त्या दोघांतला एक काढावा लागेल. स्वीप मारण्याआधी पाठीमागचे मोजायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे.

७. स्वीप हुकला आणि पॅडला लागला तर पायचीत देतात का?

देतात, आणि द्यायलाच हवं, पण नियमात तुमच्या बाजूच्या तीन जागा आहेत. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर पायचीत होत नाही, मग चेंडू मधल्या स्टंपावर का जात असेना. चेंडू पॅडला ऑफ स्टंपच्या बाहेर लागला आणि तुम्ही मारण्याचा खरा प्रयत्न केला असेल तरी होत नाही, आणि स्वीप हा खरा प्रयत्नच आहे. तिसरं, आधी बॅट किंवा बॅट धरलेल्या हाताचा ग्लव्ह लागला असेल तर प्रश्नच मिटला.

उरलं ते धोक्याचं: टप्पा रेषेत, पॅडही रेषेत. म्हणून स्टंपांच्या रेषेतला चेंडू स्वीप करताना टप्प्याची खात्री दुप्पट हवी. पाऊल लांब टाकलं की चेंडू पॅडला स्टंपांपासून दोन मीटर किंवा जास्त अंतरावर लागतो आणि पंचाला शंका राहते. पण रिव्ह्यू असलेल्या सामन्यांमध्ये ही शंका मशीन दूर करतं, तेव्हा ‘पाय लांब होता’ या आशेवर राहू नका. तालुक्याच्या स्पर्धेत पंच कोण आहे यावर बरंच ठरतं. तो समोरच्या संघाचा बारावा खेळाडू असेल तर पॅड रेषेबाहेर ठेवलेला बरा.

८. ऑफस्पिनर, डावखुरा आणि लेगस्पिनर, तिघांना स्वीप सारखाच का?

पाया तोच, पण चुकण्याच्या जागा वेगळ्या.

ऑफस्पिनरचा चेंडू आत, म्हणजे लेगकडे वळतो. तुम्ही वळणाच्या दिशेनं मारता, त्यामुळे चेंडू स्क्वेअरच्या मागे सहज जातो. टप्पा ऑफ स्टंपच्या बाहेर असेल आणि पुढचा पॅडही बाहेर नेला असेल तर पायचीतची काळजी कमी. अडचण येते ती सरळ राहणाऱ्या चेंडूची. वळेल म्हणून पॅड रेषेच्या आत ठेवता आणि तो वळतच नाही.

डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू बाहेर जातो, म्हणजे लेगकडे मारताना तुम्ही वळणाच्या विरुद्ध जाता. टप्प्याच्या जवळ गाठला तर वळायला त्याला जागाच मिळत नाही. पाच अंशांनी वळणारा चेंडू एक मीटरमध्ये नऊएक सेंटिमीटर सरकतो, आणि आडव्या बॅटला ते झेपतं. इथे चेंडू स्क्वेअर किंवा त्याच्या पुढे मारा. फार मागे वळवायला गेलात की वरची कड लागते. त्याचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर असेल तर पायचीत नाही, पण प्रश्न ९ आहे.

लेगस्पिनरचा धोका वळणापेक्षा उसळीत आहे. त्याचा टॉपस्पिन चेंडू उडतो, हातातून निसटवलेला सपाट चेंडू खाली राहतो, आणि दोन्ही चेंडू हातातून सुटताना तुम्हाला ओळखता येत नसतील तर स्वीपसाठी फक्त पहिल्या रेघेलगतचा टप्पाच निवडा. लेगस्पिनरला पहिल्या दोन षटकांत स्वीप मारू नये असं माझं मत आहे. काही प्रशिक्षक याच्या उलट सांगतील.

९. डावखुऱ्याचा बॉल लेगच्या बाहेर पडला, मी स्वीप मारला, मागून दांडी उडाली. हे कसं काय?

पुढचा पाय चेंडूच्या रेषेत न जाता ऑफकडे पडला. पायाच्या मागून चेंडू आत आला आणि अडवायला काहीच नव्हतं. लेगबाहेरच्या खडबडीत भागात टप्पा पडला की हे हमखास होतं. पॅड चेंडू आणि लेग स्टंप यांच्या मध्ये असू द्या. टप्पा बाहेर आहे म्हणजे पायचीत नाही, मग पॅडनं अडवायची भीती कशाला? वळण फार असेल तर हा चेंडू न मारता पॅडवर घेणंही पूर्ण कायदेशीर आहे.

१०. आमच्याकडे सिमेंटवर मॅट आहे, मॅच मात्र मातीवर होते. स्वीप दोन्हीकडे चालेल का?

हा आपल्या भागातला खरा प्रश्न. सिमेंटवर ताणून बांधलेल्या मॅटवर चेंडू वळतो आणि चांगला उसळतो, पण उसळी सारखी असते. तिथे दुसरी रेघ अर्धा मीटर जवळ आणा. कारण दर मीटरला चढण जास्त आहे. मॅट ढिली असेल, कडेला सुरकुती पडली असेल तर खेळायच्या आधी खिळे ठोकून घ्या. सुरकुतीवर पडलेला चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि गुडघा टेकवलेल्या फलंदाजाचा चेहरा नेमका त्याच उंचीवर असतो. हेल्मेट न घालता मॅटवर स्वीपचा सराव मी करू देत नाही.

काळ्या मातीची खेळपट्टी वेगळी. ओली असते तोपर्यंत चेंडू संथ येतो आणि स्वीप सोपा जातो. वाळली की ती भेगाळते. भेगेच्या कडेवर पडलेला चेंडू वळतो, उसळतो किंवा घोट्याला येतो. वळणाची फिकीर करू नका, त्यासाठी तर स्वीप आहे. चेंडू बसायला लागलेत का, ते बघा. सुरुवातीच्या काही षटकांत दोन चेंडू घोट्याच्या उंचीनं गेले तर त्या दिवशी स्टंपांच्या रेषेतला स्वीप बंद. लेगबाहेरचा चालू ठेवा.

११. आधीच ठरवून स्वीप मारावा का? मोठे खेळाडू मारतात की.

मारतात, आणि दोन सामने शेजारी ठेवून पाहिले तर उत्तर मिळतं.

५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे, विश्वचषकाचा उपांत्य सामना. इंग्लंडचा ग्रॅहम गूच मनिंदर सिंग आणि रवी शास्त्री या दोन डावखुऱ्या फिरकीपटूंना षटकामागून षटक स्वीप मारत राहिला. ११५ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. हे ठरवून केलेलं होतं. सामन्याआधी त्यानं नेटमध्ये डावखुऱ्या फिरकीवर याचाच सराव केला होता.

आता फेब्रुवारी २०२३, दिल्ली कसोटीचा तिसरा दिवस. ऑस्ट्रेलिया १ बाद ६१ वरून ११३ वर सर्वबाद. जडेजाचे ४२ धावांत ७ बळी. स्मिथ आणि रेनशॉ अश्विनला स्वीप मारताना पायचीत झाले, कॅरी रिव्हर्स स्वीपवर त्रिफळाचीत, कमिन्स पहिल्याच चेंडूवर आडवी बॅट फिरवून त्रिफळाचीत. स्वीप तोच, खेळाडूही कमी दर्जाचे नव्हते. पण चेंडू खाली राहत होता, जडेजा वेगानं स्टंपांवर टाकत होता आणि फलंदाज टप्पा न बघता स्वीपला जात होते. प्रश्न १ मधली गोष्ट पुन्हा पाहा: वळणाला उत्तर होतं, खाली राहणाऱ्या चेंडूला नव्हतं.

तेव्हा ठरवायचंच असेल तर ‘या षटकात स्वीप’ असं ठरवू नका. ‘या गोलंदाजाचा लेग-मधल्या रेषेवर, माझ्या दोन रेघांत पडला तर स्वीप, नाहीतर डिफेन्स’ असं ठरवा.

१२. गुडघा टेकवला आणि मग कळलं की टप्पा आखूड आहे. आता काय?

उठू नका. उठताना बॅट वर जाते आणि कड लागते. खाली राहून बॅट उभी करा आणि पुढच्या पॅडजवळ आणून चेंडू मरू द्या. हात सैल. चेंडू फार उसळला असेल तर बॅट पॅडच्या मागे खाली घ्या आणि अंगावर येऊ द्या, पण मारायचा प्रयत्न सोडल्यावर ऑफ स्टंपबाहेर पॅडला लागलेल्या चेंडूवरही पायचीत मिळू शकतं, हे लक्षात असू द्या. याचा वेगळा सराव करा: दहा चेंडूंतले तीन मुद्दाम आखूड टाकायला सांगायचे आणि कुठले ते फलंदाजाला सांगायचं नाही.

१३. रिव्हर्स स्वीप आणि स्लॉग स्वीपचं काय?

स्लॉग स्वीपमध्ये वरून खाली हा नियम मोडतोच, कारण चेंडू उडवायचाच असतो. म्हणून त्याला टप्पा आणखी पुढचा आणि मिडविकेटचा माणूस आत आलेला हवा.

रिव्हर्सचं तंत्र स्वतंत्र विषय आहे. एवढंच सांगतो की पायचीतसाठी ऑफ आणि लेग बाजू, गोलंदाज निघताना तुम्ही जसे उभे असता त्यावरूनच ठरते. हात बदलले म्हणून बाजू बदलत नाही. १९८७ च्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ईडन गार्डन्सवर, माइक गॅटिंगनं ॲलन बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूवर रिव्हर्स मारला आणि कीपर ग्रेग डायरकडे झेल गेला. तो ४१ वर होता, इंग्लंड ७ धावांनी हरलं. नवीन गोलंदाजाचा पहिला चेंडू कसा उसळतो हे न बघताच आडवी बॅट, हा त्यातला भाग आपल्या कामाचा.

१४. टेनिस बॉलवर शिकलेला स्वीप लेदर बॉलवर चालंल का?

पाऊल आणि डोकं चालेल, बॅटची उंची नाही. टेनिस बॉल जास्त उसळतो, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना कमरेच्या उंचीवर, उभ्यानं मारायची सवय असते. लेदरवर आले की बॅट चेंडूच्या वरून जाते. अशा मुलांना पहिले पंधरा दिवस हातानं टाकलेल्या, पहिल्या रेघेलगतच्या चेंडूवर फक्त गुडघा टेकवून खेळायला लावतो.

१५. रोज किती स्वीप मारायचे?

चाळीस पुरेत, त्यातले निदान दहा सोडून द्यायचे असावेत. त्यापुढे मांडी दमते, पाऊल आखूड होतं आणि तुम्ही चुकीचाच स्वीप पक्का करत राहता. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका, एप्रिल-मेमध्ये नऊला सिमेंट तापलेलं असतं.

१६. सिमेंटवर गुडघा सोलून निघतो. काही उपाय?

पँटच्या आतून व्हॉलीबॉलवाले घालतात तो गुडघ्याचा पॅड घाला, तोही फक्त मागच्या पायाला. नसेल तर जुन्या बॅटिंग पॅडचा फोम कापून पट्टीनं बांधा. आणि गुडघा आपटू नका, टेकवा. पाऊल लांब पडलं की तो आपोआप हळू टेकतो. आपटत असेल तर पाऊल आखूड आहे, प्रश्न ४ वर परत जा.